एक ऑप्शन कटला, तीन उरले, १/३ निगेटिव. गोळा मारायचा का सोडायचा? (पेपरचा फोटो जोडलाय)

मानेवाडा_अभ्यासू

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासिकेत मागच्या रविवारी सराव पेपर झाला, १०० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, चार ऑप्शन. मी गावी गेलो होतो म्हणून माझा बुडला. रूममेटने त्याचा तपासलेला पेपर मोबाईलवर फोटो काढून पाठवला, तोच जोडून राहिलो आहे. पेपर अभ्यासिकेने स्वतःच काढलेला आहे आणि तपासून परत दिलेला आहे, त्यामुळे लीक बिक असं काही नाही, आधीच सांगतो.

फोटो तिरपा आलाय आणि खाली त्याच्या अंगठ्याची सावली पडली आहे, त्यामुळे सूचनांमधली निगेटिव मार्किंगची ओळ नीट वाचता येत नाही. "प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी १/" एवढं दिसते आणि पुढचा आकडा धूसर आहे. मला ३ वाटून राहिला, रूममेटला विचारलं तर तो म्हणे आठवत नाही.

प्रश्न असा की मी घरी बसून हाच पेपर सोडवला तर बऱ्याच ठिकाणी एक ऑप्शन नक्की चूक आहे हे कळते पण बाकी तिनात काहीच कळत नाही. उदाहरणार्थ प्रश्न १४, नागपूर करार कोणत्या वर्षी झाला. ऑप्शन १९५०, १९५३, १९५६, १९६०. आता १९६० ला महाराष्ट्र राज्यच झालं तर करार त्याच्या आधीचाच असणार, म्हणून १९६० उडवला. बाकी तीन समोर बघत बसले आहेत. अशा वेळी मारायचं का सोडून द्यायचं? अभ्यासिकेत एकजण म्हणतो मार, दुसरा म्हणतो दोन कटल्याशिवाय हात लावू नको.

बर्डी_एक्सप्रेस

सोप्पं आहे बे. तीन उरले म्हणजे बरोबर यायचा चान्स १/३. चुकलं तर कटणार १/३. दोन्ही सारखे, म्हणजे बरोबरीचा सौदा, ना फायदा ना तोटा. मग कायले टेन्शन घ्यायचं, सोडून दे आणि तो वेळ दुसऱ्या प्रश्नाला दे. दोन ऑप्शन कटले तरच मारायचं, आमचे सर पण हेच सांगायचे.

खाकी_वेडा

भाऊ निगेटिव असतेच कुठं? मी पोलीस भरतीचा पेपर दिला, त्यात तर चुकीच्या उत्तराले काहीच कटत नाही. एकही गोल रिकामा सोडू नको, शेवटचे पाच मिनिट ठेव आणि सगळे भरून टाक.

मानेवाडा_अभ्यासू

@खाकी_वेडा दादा पोलीस भरतीचं बरोबर आहे पण मी राज्यसेवा आणि यूपीएससी पूर्व दोन्हीची तयारी करून राहिलो, तिथं कटतात.

खाकी_वेडा

अच्छा अच्छा. मी टायटल पूर्ण वाचलं नव्हतं 😅 बसतो इथंच, ऐकतो.

गणिताची_मावशी

बर्डी भाऊ, तुमच्या हिशोबात एक गडबड आहे आणि ती फार जण करतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही १/३ चान्स आणि १/३ दंड समोरासमोर ठेवले, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे तीन प्रश्न घ्या. तिन्हीत एकेक ऑप्शन कटलेला आणि तिन्हीत अंदाज मारला. सरासरी एक बरोबर येणार, त्याचे २ मार्क. दोन चुकणार, प्रत्येकी ०.६७ कटणार म्हणजे १.३३ गेले. हातात राहिले ०.६७. म्हणजे तीन प्रश्नांमागे पाऊण मार्काच्या आसपास फायदा. बरोबरीचा सौदा तेव्हा होतो जेव्हा काहीच कटलेलं नसते आणि चारही ऑप्शन तसेच उभे असतात: चार प्रश्नांत एक बरोबर, २ आले, तीन चूक, २ गेले.

आता फोटोबद्दल. सावलीतला आकडा वाचायची गरजच नाही. पहिल्या पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलेलं बघा, बरोबर ५८, चूक २७, गुण ९८. ५८ चे झाले ११६. मिळाले ९८, म्हणजे १८ कटले. २७ चुकांना १८ म्हणजे एका चुकीला दोन तृतीयांश मार्क, २ मार्काचा तिसरा हिस्सा. १/४ असता तर साडेतेरा कटले असते आणि १/२ असता तर २७. तेव्हा १/३ पक्का.

संत्रा_बर्फी

मावशी सीआयडीत होत्या का 😂 मी तोच फोटो झूम करून करून डोळे फोडून घेतले.

बर्डी_एक्सप्रेस

ठीक आहे हिशोब पटला. पण तीन प्रश्नांमागे ०.६७ म्हणजे एका प्रश्नाला ०.२२. एवढ्याशा मार्कासाठी रिस्क घ्यायची? एका चुकीत ०.६७ जाते.

गणिताची_मावशी

०.२२ लहान आहे हे मान्य. पण असे १२ प्रश्न निघाले तर २.६७ मार्क होतात, आणि पूर्व परीक्षेच्या कटऑफला अर्ध्या अर्ध्या मार्कावर पोट्टे अडकतात. रिस्क किती तेही सांगते. १२ प्रश्नांत खरोखर तिनातून एकाचा चान्स असेल तर ४ बरोबर येणं हे मधलं. ३ आले तर शून्यावर शून्य. २ किंवा कमी आले तर तोटा, आणि असं व्हायची शक्यता साधारण १८ टक्के, म्हणजे पाचातल्या एका वेळेपेक्षा जरा कमी. फायद्यात राहायची शक्यता ६० च्या आसपास. बाकी वेळा ना इकडे ना तिकडे.

पण हे सगळं एका अटीवर, की जो ऑप्शन काटला तो खरंच चूक होता. खरी मेख तिथे आहे. हिशोब कोणालाही जमतो, पण काट मारताना माणूस फसतो. यावर रात्री लिहिते, आता क्लास आहे.

नीटवाल्याचा_बाबा

माझ्या मुलाचा प्रश्न विचारू का इथे, वेगळा धागा काढत नाही. तो नीट देतोय, ४ मार्क बरोबरला आणि चुकलं तर १ जातो. घरी पेपर सोडवताना एक ऑप्शन कटला तरी तो रिकामं सोडतो, म्हणतो भीती वाटते. मी बँकेत आहे मला तर वाटतं मारायला हवं पण मुलगा ऐकत नाही.

संत्रा_बर्फी

काका तिथं तर १/४ च कटते. तीन प्रश्नांत एक बरोबर +४, दोन चूक −२, दोन मार्क नफा. मुलाला हा धागा दाखवा.

नीटवाल्याचा_बाबा

दाखवला. म्हणतो बाबा तुमच्या फोरमवरच्या लोकांना बायोलॉजी येत नाही 🙂

जुना_उमेदवार

मी थोडं वेगळं सांगतो. सगळे पेपर एकाच नजरेने बघू नका. सीसॅट फक्त पात्रतेचा आहे, ३३ टक्के पाहिजेत. यूपीएससीत ८० प्रश्न, अडीच मार्क एकाला, चुकलं की ०.८३ जातात, आणि २०० पैकी ६६ लागतात. तिथं तुम्ही सोडवता सोडवता खात्रीचे ९० च्या वर गेले असाल तर अंदाज मारून मिळणार काय? ते मार्क मेरिटला धरत नाहीत. उलट खात्रीचे ५५ च होत असतील तर मारावंच लागेल, आणि एक काटलेलेच नाही तर त्याहून कच्चे पण मारावे लागतील, कारण न मारता नापास हे तर ठरलेलंच आहे. जीएसच्या पेपरात मात्र मावशी म्हणतात ते लागू, तिथं प्रत्येक मार्क मोजला जातो. आणि राज्यसेवेत १/४ कटते, म्हणजे गणित अजून सैल.

मानेवाडा_अभ्यासू

हे लक्षातच आलं नव्हतं की दोन पेपरला वेगळा विचार करायचा. मावशी काट मारण्याचं लिहा ना.

गणिताची_मावशी

आले. फोटोत तुमच्या रूममेटची पेन्सिल दिसते. उडवलेल्या ऑप्शनवर त्याने आडवी रेघ मारली आहे, निवडलेल्यावर टिक, आणि तपासणाऱ्याने बरोबर उत्तराला लाल गोल केला आहे. जी पानं स्पष्ट आलीत त्यावर मी असे प्रश्न शोधले की ज्यात रेघ फक्त एकाच ऑप्शनवर आहे. ते बारा आहेत. त्यातले त्याचे दोन बरोबर आले. हिशोब: ४ मिळाले, दहा चुकांचे ६.६७ गेले, २.६७ चा तोटा. म्हणजे हे बारा कोरे ठेवले असते तर त्याचे ९८ चे शंभरावर गेले असते.

हे नशीब म्हणून सोडून देता येईल. पण त्या बारापैकी चार ठिकाणी पेन्सिलची रेघ बरोबर उत्तरावरच आहे! तिथे नंतर कितीही विचार केला तरी उत्तर हाती लागणारच नव्हतं, कारण ते आधीच घराबाहेर काढलेलं. म्हणजे तिनातून एकाचा चान्स फक्त आठ प्रश्नांत होता. आठाचा तिसरा हिस्सा पावणेतीन, आले दोन. यात नशिबाचा भाग थोडाच.

सीमारेषा कुठे ते बघा. बारात नऊ रेघा बरोबर पडल्या आणि तीन चुकल्या असं समजा. नवांतून तीन बरोबर येतील, ६ मार्क. नऊ चुकतील, ६ गेले. शून्य. म्हणजे १/३ निगेटिवमध्ये तुमच्या चार काटांपैकी तीन खऱ्या असल्या तर तुम्ही जेमतेम तिथेच उभे, जिथे काहीच न काटता उभे होता. चारातून तीनपेक्षा जास्त काट खऱ्या पडत असतील तरच नफा. १/४ निगेटिवला दहातल्या सहा खऱ्या असल्या की शून्य येते, तिथे थोडी मोकळीक आहे.

मानेवाडा_अभ्यासू

बापरे. रूममेटला दाखवलं तर तो म्हणतो फोटो डिलीट कर 😀 पण त्याने त्या चार ठिकाणी काट मारली तरी कशी, अभ्यास तर आम्ही दोघं मिळूनच करतो.

गणिताची_मावशी

प्रश्न ३७ बघा. १९२० च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष कोण. ऑप्शन महात्मा गांधी, लाला लजपत राय, मोतीलाल नेहरू, सी. विजयराघवाचारी. त्याने रेघ मारली विजयराघवाचारींवर. का, तर नाव ऐकलेलं नाही. आणि तेच बरोबर आहे. टिक लजपत रायांवर, कारण १९२० आणि लजपत राय कुठेतरी सोबत वाचलेलं, जे खरंही आहे, पण ते सप्टेंबरमधलं कलकत्त्याचं विशेष अधिवेशन. नागपूरचं डिसेंबरातलं.

आता याच प्रश्नात रास्त काट कोणती होती? गांधीजी. ते आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले, १९२४ ला बेळगावला. हे ज्याला माहीत आहे तो कारणासकट काट मारतो. तुमची १९६० ची काट पण तशीच आहे, मागे एक माहिती आहे. "ऐकलं नाही म्हणून उडवला" ही काट नव्हेच. पेपर काढणारा अनोळखी नाव उगाच टाकत नाही, उलट पुष्कळदा तेच उत्तर असते आणि बाकी तीन ओळखीची नावं भरतीला असतात.

म्हणून मी माझ्या पोरांना सांगते की काट मारताना बाजूला दोन शब्दात कारण लिहा. "राज्य ६० ला" असं. कारण लिहिता आलं नाही तर ती काट धरायची नाही, चारही ऑप्शन उभे समजायचे आणि १/३ च्या पेपरात तो प्रश्न सोडायचा.

बर्डी_एक्सप्रेस

हॉलमधे एवढा टाईम कोणाकडे असते मावशी, दोन तासात १०० प्रश्न.

गणिताची_मावशी

हॉलमध्ये लिहू नका. घरी सरावात लिहा, मग हॉलमध्ये मनात आपोआप विचारलं जाते.

जुना_उमेदवार

सरावात अजून एक करा. असे प्रश्न वेगळी खूण करून ठेवा, उदा. एक काट असेल तर बाजूला त्रिकोण. पेपर तपासल्यावर त्रिकोणवाले वेगळे मोजायचे, दोन आकडे: किती बरोबर आले, आणि किती ठिकाणी काट बरोबर उत्तरावर पडली. एका पेपरवरून काही ठरवू नका, बारा प्रश्नांत नशीब बरंच खेळते, चार पाच पेपरचे एकत्र करा. समजा साठ त्रिकोण झाले आणि त्यात १५ च बरोबर, तर तुमची काट असून नसून सारखी. २० च्या आसपास असतील तर मारत राहा. विषयवार पण मोजा, माझं भूगोलात चालायचं आणि चालू घडामोडीत साफ झोपायचं.

संत्रा_बर्फी

पण एक सांगा, काट बरोबर मारली, तीन उरले, आता त्या तिनातून कोणता घ्यायचा? प्रश्न १४ मध्ये मी १९५६ घेतलं असतं डोळे मिटून.

गणिताची_मावशी

तुम्हीच नाही, रूममेटनेही तेच घेतलंय, त्याच्यावर लाल फुली आहे. नागपूर आणि १९५६ म्हटलं की दीक्षाभूमी आठवणारच, १४ ऑक्टोबर १९५६. त्याच वर्षी राज्य पुनर्रचनाही झाली. म्हणून हे वर्ष जवळचं वाटते, आणि नेमकं म्हणूनच ते ऑप्शनमध्ये ठेवलेलं असते. करार १९५३ चा, २८ सप्टेंबर. तेव्हा तीन उरले म्हणजे तिघांना सारखा चान्स हे कागदावरचं. ओढ लावणारा ऑप्शन असला की आपला चान्स तिनात एकाहूनही खाली जातो, आणि ते आपल्याला कळतही नाही.

बर्डी_एक्सप्रेस

मग त्यावर माझा उपाय आहे. आधीच ठरवून ठेवायचं, तीन उरले की नेहमी उरलेल्यातला पहिला. मनाची ओढच संपली. म्हणजे १/३ पक्का मिळते ना?

गणिताची_मावशी

बऱ्यापैकी, हो. उत्तरं चारही जागी सारखी पसरलेली असतील तर. मोठ्या परीक्षांत साधारण तसंच असते, पण अभ्यासिकेच्या पेपरात काढणाऱ्याची सवय असते, कोणी बरोबर उत्तर मधेच लपवतो.

जुना_उमेदवार

मला हे नाही पटत. ओढ नेहमी खोटी नसते. आपण वाचलेलं अर्धवट डोक्यात असते तेच ओढ बनून वर येते. ठरलेला पहिला ऑप्शन घेतला तर ते अर्धवट ज्ञान फेकून दिल्यासारखं होईल. माझ्या त्रिकोणांत मनाने घेतलेले तिनात एकापेक्षा चांगलेच यायचे, भूगोलात तर नक्की.

गणिताची_मावशी

तुम्ही मोजलंय म्हणून तुम्हाला म्हणायचा हक्क आहे. ज्याने मोजलं नाही त्याने मन ऐकावं का पहिला घ्यावा, यावर माझंही पक्कं मत नाही. इतिहासातल्या सालांच्या प्रश्नात मी मनावर विश्वास ठेवणार नाही, एवढं सांगते.

नीटवाल्याचा_बाबा

मुलाने मागचे दोन पेपर काढून त्रिकोण मारायला घेतलेत. फिजिक्समध्ये म्हणे काट एककावरून मारतो, उत्तर वेगाचं हवं आणि ऑप्शनमध्ये प्रवेगाचं एकक आहे तर तो गेला. ही कारणासकट काट झाली ना?

गणिताची_मावशी

अगदी. अशी काट चुकणं कठीण. तिथे बिनधास्त मारू द्या.

खाकी_वेडा

मी सगळं वाचलं हं. एक शंका. "वरीलपैकी नाही" हा ऑप्शन असला तर तो काटावा का ठेवावा? आमच्याकडे सगळे म्हणतात तो भरतीचा असते, पहिले तोच उडवायचा.

जुना_उमेदवार

त्यामागे दोन शब्दात कारण लिहून दाखव बघू 🙂

खाकी_वेडा

"सगळे म्हणतात" चालेल का?

मानेवाडा_अभ्यासू

याच पेपरात प्रश्न ६१ ला तो ऑप्शन आहे, पण ते पान अर्धं कापलं गेलंय फोटोत, लाल गोल कुठं आहे ते दिसत नाही. रूममेट संध्याकाळी अभ्यासिकेतून आला की सपाट ठेवून, लाईट मारून पुन्हा फोटो काढतो आणि उरलेली पानं पण टाकतो. मावशी बाकीच्या काटा पण मोजाल का? तो नाही म्हणतोय, पण मी टाकतो.